चीवररंजनाचा विधी आणि नीळ : प्राचीन रंगशाळेचे एक दर्शन

प्राचीन भारतातील रंगाऱ्यांनी आपल्या कामाची पोथी लिहून ठेवली नाही. त्यांचे ज्ञान हातातून हातात गेले. रंगकामाचे अत्यंत तपशीलवार वर्णन मात्र अशा एका ग्रंथात आढळते, जेथे ते सहसा कोणी शोधणार नाही. विनयपिटकातील महावग्गाचा चीवरक्खन्धक हा तो भाग होय. अभ्यासक हे प्रकरण बहुधा शिस्तीचे नियम म्हणून वाचतात. प्रस्तुत लेखात आम्ही ते रंगशाळेची नोंद म्हणून वाचणार आहोत. येथील प्रत्येक अनुज्ञेमागे कामात आलेली एखादी अडचण उभी आहे.

आरंभी भिक्षू शेणाने किंवा पिवळट मातीने चीवरे रंगवीत. रंग वाईट येई. याचे कारण उघड आहे. मातीचे कण धाग्यावर नुसते बसतात, धाग्याशी जडत नाहीत. तेव्हा भगवंतांनी सहा प्रकारच्या रंगांना अनुमती दिली : मूळ, खोड, साल, पान, फूल आणि फळ यांपासून काढलेले. रंग थंड पाण्यात काढला तर चीवरांना दुर्गंधी येऊ लागली. म्हणून रंग शिजवण्यास व त्यासाठी लहान रजनकुंभी वापरण्यास संमती मिळाली. शिजताना रंग उतू जाऊ लागला. त्यावर कुंभीत उतू न जाऊ देणारे साधन बसवण्याची मुभा मिळाली.

मग खरा प्रश्न आला. रंग शिजला की नाही, हे ओळखायचे कसे? उत्तर असे : एक थेंब पाण्यात किंवा नखाच्या पाठीवर टाकून पाहावा. समन्तपासादिका ही अट्ठकथा याचा खुलासा करते. रंग शिजलेला असेल तर पाण्यातील थेंब एकदम पसरत नाही आणि नखावरचा थेंब जागीच राहतो. कच्चा काढा पातळ असतो, म्हणून तो लगेच विरतो. शिजून दाटलेला काढा क्षणभर आपला आकार धरून ठेवतो. उपकरण नसलेल्या काळात याहून सोपी परीक्षा सुचणे कठीण.

पुढील अडचणी कापडाच्या आहेत. परातीत चीवर मळल्याने ते फाटे, म्हणून रंगाची द्रोणी आली. जमिनीवर वाळत घातल्याने धूळ बसे, म्हणून गवताची आंथरी आली. ती वाळवीने खाल्ली, म्हणून वेळू आणि दोरी आली. मधोमध टांगल्याने रंग दोन्ही बाजूंनी ओघळे. म्हणून कोपऱ्याला बांधण्याची अनुज्ञा झाली. कोपरा झिजे, तेव्हा कोपऱ्यास दोरा लावण्यात आला. तरीही रंग एका बाजूस उतरे. म्हणून चीवर उलटसुलट फिरवून रंगवावे आणि थेंब गळणे थांबेपर्यंत तेथून हलू नये, असा दंडक घालण्यात आला. ओला रंग पाण्याबरोबर खाली सरकतो आणि कडेला गडद पट्टा उमटतो, हे ज्याने एकदा पाहिले त्याला या दंडकाचे मोल कळेल. शेवटी, रंगाने ताठ झालेले चीवर पाण्यात बुडवावे आणि खरखरीत झालेले हाताने थोपटावे, असेही सांगितले आहे.

या प्रकरणात तुरटीचा उल्लेख नाही, ही गोष्ट आमच्या मते लक्षणीय आहे. तुरटी भारतात अज्ञात होती असे मुळीच नाही. मोहेंजोदडो येथे चांदीच्या पात्राला चिकटून टिकलेला सुती कापडाचा तुकडा मंजिष्ठवर्गीय लाल रंगाने रंगवलेला आढळला. असा लाल रंग सुतावर पक्का बसवण्यास तुरटीसारखा रंगबंधक लागतो. तुरटीतील धातुक्षार एका बाजूने धाग्यास व दुसऱ्या बाजूने रंगास धरतो. भिक्षूंना त्याची गरज फारशी पडत नसावी, कारण साल आणि खोड यांच्या काढ्यात तुरट द्रव्य भरपूर असते व ते सुताला आपोआप धरते. मिळणारा रंग तपकिरी, मंद, काषाय. पण तो पुरेसा टिकतो. तोच काढा लोखंडाच्या संपर्कात आला तर काळवंडतो.

आता नीळ. हिचा मार्ग पूर्णपणे वेगळा आहे, आणि तो समजल्यावाचून प्राचीन रंगशाळेचे चित्र अपुरे राहते. नीळ काढ्याने निघत नाही. पाल्यात निळा रंग तयार नसतोच. असते ते एक रंगहीन द्रव्य. हिरवा पाला पाण्यात दहा ते पंधरा तास बुडवून ठेवला म्हणजे आंबण्याने ते द्रव्य फुटते आणि पाणी पिवळसर हिरवे होते. पाला काढून पाणी दुसऱ्या कुंडात घेतात व दोन-तीन तास जोराने घुसळतात. हवा मिसळताच निळे कण तयार होतात, फेस निळा होतो, आणि शेवटी साका तळाशी बसतो. तो गाळून, दाबून, वाळवून वड्या करतात. पाला अधिक वेळ भिजला तर कुजतो व साका मळकट होतो; कमी भिजला तर रंग पानातच राहतो.

परंतु ही वडी पाण्यात विरघळत नाही. अशा रंगाने कापड कसे रंगवायचे? रंगारी रांजणात चुना किंवा राखेचे क्षारपाणी घेऊन त्यात कोंडा वा गूळ यांसारखे आंबणारे द्रव्य घालतो आणि रांजण उबदार ठेवतो. आंबण्यामुळे पाण्यातील प्राणवायू संपतो, आणि नीळ रंगहीन, विरघळणाऱ्या रूपात जाते. वर तांबूस चकाकीची साय व निळा फेस, खाली पिवळे-हिरवे पाणी, ही रांजण तयार झाल्याची खूण होय. पाणी निळेच दिसत असेल तर नीळ अजून विरघळलेली नाही. अशा वेळी बुडवलेले कापड हाताला रंग लावते. आंबण अति झाल्यास क्षार संपून रांजण आंबट होतो. तेव्हा चुना घालून तो सावरावा लागतो.

कापड बाहेर काढताच हवेत हिरवे, मग निळे होते. रंग धाग्याच्या आतच पुन्हा अविद्राव्य बनतो. म्हणून एकदा दीर्घकाळ बुडवण्यापेक्षा थोडा वेळ अनेकदा बुडवणे व मध्ये वारा देणे चांगले. येथे तुरटीची गरज नाही. पंचतंत्रातील कोल्हा नीळीच्या भांड्यात पडून निळा झाला, ही गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. कथेचा विनोद बाजूस ठेवला तरी रंगाऱ्याच्या घरी कोल्हा मावेल एवढे भांडे असणे श्रोत्यांना नवलाचे वाटत नव्हते, एवढे त्यावरून कळते. रोमन लेखक प्लिनीने निळीची परीक्षा निखाऱ्यावर जाळून करावी, जांभळी ज्योत निघते, असे लिहिले. पण ती कशी तयार होते हे त्यास ठाऊक नव्हते. तो तिला वेतांना चिकटलेला गाळ समजला.

विनयाची नीळीविषयीची भूमिका या पार्श्वभूमीवर पाहावी. संपूर्ण निळे, पिवळे, तांबडे, मंजिष्ठवर्णी वा काळे चीवर धारण करण्यास मनाई आहे. अट्ठकथा पानांच्या रंगांतून नीळीचे पान वगळते, मुळांतून हळद, खोडांतून मंजिष्ठ, फुलांतून पळस आणि कुसुंभ. गृहस्थाश्रमातील झळकते रंग काढून टाकल्यावर जे उरते, तेच काषाय.

मग कोणी उपासकाने निळे वस्त्र दान दिले तर? अट्ठकथेचे उत्तर रंगाऱ्याला शोभणारे आहे. त्याचा रंग धुऊन काढावा, पुन्हा रंगवावे आणि वापरावे. हळदीचा वा कुसुंभाचा रंग धुण्याने पुष्कळसा उतरतो, त्यामुळे हे शक्य होते. धुऊन निघत नसेल तर त्याचे आंथरूण करावे, किंवा दुहेरी चीवराच्या दोन पदरांमध्ये घालावे. धाग्यात पुन्हा अविद्राव्य झालेली नीळ धुऊन निघत नाही. तिच्या वाट्यास ही आतली जागाच येत असणार.