शीततास

शीततास : थंड प्रदेशातील पानगळी फळझाडांना हिवाळ्यात जी थंडी मिळावी लागते, ती मोजण्याचे एकक. रूढ व्याख्येप्रमाणे हवेचे तापमान ० ते ७.२ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असलेला प्रत्येक तास हा एक शीततास. सफरचंद, नासपती, पीच, जर्दाळू, चेरी या झाडांना ही थंडी पुरेशी मिळाली नाही, तर वसंतात ऊब येऊनही त्यांच्या कळ्या नीट फुटत नाहीत. हिमाचल प्रदेशातील बागायतदार तिला सर्रास ‘चिलिंग अवर्स’ म्हणतात. तिथल्या रॉयल डिलिशियस सफरचंदाची गरज १,००० ते १,६०० तास सांगितली जाते. उलट इस्रायलमध्ये तयार झालेल्या ‘ॲना’ जातीचे दोन-तीनशे तासांत भागते.

पुढच्या वर्षीचे फूल आदल्या उन्हाळ्यातच कळीत आकार घेऊ लागते. पानगळीच्या सुमारास ही कळी सुप्तावस्थेत जाते. सफरचंद व नासपतीत तिला झोपवणारी मुख्य गोष्ट लहान होत जाणारा दिवस नसून उतरते तापमान असते. या काळात कळीच्या पेशींमधील सूक्ष्म वाटा बंद होतात, वाढ रोखणारी संप्रेरके वरचढ असतात, आणि फांदी उबदार खोलीत आणून ठेवली तरी कळी हलत नाही. डिसेंबर-जानेवारीत चार दिवस ऊन पडले म्हणून फुलले आणि मग गारठ्यात जळाले, असे होऊ नये यासाठीचा हा बंदोबस्त आहे. तो उठतो दीर्घकाळच्या थंडीने. त्यानंतर कळी फक्त उबेची वाट पाहत असते. म्हणजे बहराची तारीख दोन हिशेबांवर ठरते : आधी थंडीचा, मग उबेचा.

थंडीचा हिशेब दिसतो तितका सरळ नाही. ७.२ अंशांची मर्यादा अमेरिकेत पीचच्या बागांवरून रूढ झाली आणि थंड हिवाळ्याच्या प्रदेशात ती बरी चालते. पण कळीला सर्वांत उपयोगी पडते ती साधारण ३ ते ९ अंशांची थंडी. गोठणबिंदूखाली जवळजवळ काहीच जमा होत नाही आणि दुपारची ऊब आधी जमा झालेले खोडून टाकते. १९७४ मध्ये मांडलेल्या यूटा पद्धतीत हे धरले आहे : २.५ ते ९.१ अंशांच्या तासाला एक गुण, ९.२ ते १२.४ अंशांना अर्धा, त्यावर १५.९ पर्यंत शून्य, १६ ते १८ ला उणे अर्धा आणि १८ च्या वर उणे एक.

कुलू खोऱ्याच्या खालच्या भागातील जानेवारीचा एक निरभ्र दिवस कल्पून पाहू. ८ तास तापमान ४ ते ७ अंश, ५ तास १० ते १२, ५ तास १३ ते १५ आणि दुपारचे ६ तास १९ च्या वर. साधी मोजणी ८ शीततास देते. यूटा पद्धतीने ८ अधिक अडीच उणे ६, म्हणजे साडेचार गुणच पडतात. आता ढगाळ दिवस घ्या : चोवीस तास तापमान ५ ते ९ अंशांत अडकलेले, त्यातले १० तास ७.२ च्या खाली. साध्या मोजणीत १० तास, यूटात पूर्ण २४ गुण. एका पद्धतीत जवळपास सारखे दिसणारे दोन दिवस दुसरीत पाचपटीने वेगळे ठरतात. म्हणून रात्री बोचऱ्या थंड होत्या, एवढ्यावर हिवाळा चांगला गेला असे मानणे चुकीचे आहे. दुपारी विचारात घ्यायलाच हव्यात. हिमाचलात बर्फाला ‘पांढरे खत’ म्हणतात. त्याचा लाभ मातीत मुरणाऱ्या पाण्याइतकाच, बर्फ पडून गेल्यावर आठवडाभर दुपारी तापत नाहीत यातही आहे.

यूटा पद्धत उबदार प्रदेशात ऊब जास्तच वजा करते. १९८७ मध्ये इस्रायली संशोधकांनी सुधारित ‘डायनॅमिक’ पद्धत मांडली. तिच्यात थंडीचा परिणाम आधी कच्चा असतो व उबेने पुसला जाऊ शकतो. ठरावीक पातळी गाठली की तो पक्का होतो आणि नंतरची ऊब त्याला धक्का लावू शकत नाही. सौम्य हिवाळ्यांसाठी आज हीच पद्धत अधिक भरवशाची आहे.

थंडी अपुरी पडली की बहर निव्वळ उशिरा येत नाही, तो विस्कटतो. प्रत्येक कळीची गरज थोडी वेगळी असते. पुरेशा थंडीत हे फरक बुजतात आणि झाड एकदम फुलते. थंडी कमी असेल तर शेंड्याच्या कळ्या आधी उघडतात, बाजूच्या मागे राहतात, काही उघडतच नाहीत. टोकाला पानांचा झुपका आणि खाली उघडी काठी, ही ओळखीची खूण. पीचमध्ये कळ्या फुटण्याआधीच गळून पडतात. सफरचंदात एकाच फांदीवर गुलाबी कळी, उमललेले फूल आणि सुपारीएवढे फळ एका वेळी दिसते. मग फवारणी व विरळणी कुठल्या अवस्थेला धरून करायची?

त्याहून मोठे नुकसान परागीभवनात होते. रॉयल डिलिशियसला स्वतःचा पराग चालत नाही, म्हणून बागेत गोल्डन डिलिशियस किंवा रेड गोल्डसारखी झाडे लावतात आणि फुलोऱ्यात मधमाश्यांच्या पेट्या ठेवतात. दोन्ही जातींची थंडीची गरज सारखी नसते. चांगल्या हिवाळ्यात त्यांचे बहर एकमेकांवर येतात. उबदार हिवाळ्यानंतर एकीचा सरत असताना दुसरीचा सुरू होतो. बाग पांढरी दिसते, पण फळ धरत नाही. याच्या उलट प्रकारही घडतो : थंडी पुरी झाली आणि फेब्रुवारी तापला, तर बहर लवकर येतो आणि मार्च-एप्रिलच्या हिमात किंवा गारपिटीत सापडतो. या दोन आपत्तींची कारणे वेगळी आहेत.

सुप्तावस्था सरली की नाही, हे बागेतच तपासता येते. जानेवारीपासून दर आठवड्याला काही फांद्या कापून, पाण्यात बुडवून, २०-२५ अंशांच्या खोलीत ठेवतात. दोन-तीन आठवड्यांत निम्म्या कळ्या हिरवे टोक दाखवू लागल्या, तर थंडीची गरज भागली असे धरतात. आकडेमोडीपेक्षा हा पुरावा थेट झाडाचा असतो.

उपाय मर्यादित आहेत. हायड्रोजन सायनामाइड कळ्या फोडते. नाशिक-सांगलीचे द्राक्षबागायतदार ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हेच रसायन काडीला लावतात. सफरचंदात ते कळी फुटण्याच्या महिनाभर आधी फवारतात. उशीर झाला तर कळ्याच जळतात. शिवाय बरीचशी थंडी आधी मिळालेली असेल तरच ते उरलेली उणीव भरून काढते. ते विषारी असून हाताळणाऱ्याने मद्य घेतल्यास गंभीर त्रास होतो.

दुसरा मार्ग जात बदलण्याचा. बिलासपूर जिल्ह्यातील पनियाला या कमी उंचीच्या गावी हरिमन शर्मा यांनी निवडलेली एचआरएमएन-९९ ही कमी थंडीची जात आता महाराष्ट्रातील काही शेतकऱ्यांनीही लावली आहे. तिसरा मार्ग वर सरकण्याचा. १९१६ मध्ये सत्यानंद स्टोक्स यांनी ठाणेधारला डिलिशियसची रोपे लावली, तिथपासून हिमाचलची सफरचंद-बागायत वाढली. आज खालच्या कुलूत बजौरा-भुंतरच्या आसपास सफरचंदाच्या जागी डाळिंब आणि जपानी फळ दिसते, आणि एकेकाळी अति थंड मानलेल्या लाहौल-स्पितीत सफरचंदाच्या बागा उभ्या राहत आहेत.