भिंतीला विटा किती लागतील? आधी वीट मोजा, मग हजारी भाव विचारा

पावसाळा सरला की वीटभट्ट्या पेटतात आणि गावोगाव गोठा, पडवी, वाढीव खोली अशी बांधकामं निघतात. विटा किती सांगायच्या, असं विचारलं की गवंडी अंदाजानं आकडा सांगतो. तो आकडा त्याच्या नेहमीच्या विटेवर बसलेला असतो. दुसऱ्या भट्टीची वीट आली की शे-दोनशे विटा कमी पडतात, नाहीतर अंगणात पडून राहतात. म्हणून हिशोबाची सुरुवात भिंतीपासून नव्हे, विटेपासून करावी.

वीट कशी मोजावी

एकच वीट मोजून चालत नाही, कारण हातानं थापलेली प्रत्येक वीट थोडी लहानमोठी असते. दहा विटा ओळीत एकमेकींना चिकटवून ठेवाव्यात, टेपनं पूर्ण लांबी घ्यावी आणि दहानं भागावं. रुंदी आणि उंचीही तशीच काढावी. समजा वीट ९ इंच लांब, ४ इंच रुंद, ३ इंच उंच भरली.

विटांमध्ये माल भरला जातो, त्यालाही जागा लागते. सांधा अर्धा इंच धरला तर तिन्ही मापांत अर्धा इंच मिळवायचा. म्हणजे साडेनऊ, साडेचार आणि साडेतीन. या तिन्हींचा गुणाकार १४९.६ घनइंच येतो. एका घनफुटात १७२८ घनइंच असतात. १७२८ ला १४९.६ नं भागलं की साडेअकरा विटा येतात. एका घनफूट भिंतीला एवढी वीट लागते.

भिंतीचा हिशोब

समजा २० फूट लांब, १० फूट उंच अशी नऊ इंची भिंत घालायची आहे. लांबी गुणिले उंची म्हणजे २०० चौरस फूट. त्यातून ३ बाय ७ चा दरवाजा (२१) आणि ४ बाय साडेतीनची खिडकी (१४) वजा केली की १६५ चौरस फूट उरतात. नऊ इंच म्हणजे पाऊण फूट. १६५ गुणिले ०.७५ म्हणजे १२३.७५ घनफूट. त्याला ११.५५ नं गुणलं की सुमारे १४३० विटा. हीच भिंत एकेरी, चार इंची घातली तर याच्या निम्म्या लागतील. लिंटेल किंवा कॉलम जेवढी जागा खातात, तेवढं मापही वजा करावं.

चारही भिंतींची खोली असेल तर दोन समोरासमोरच्या भिंती बाहेरून मोजाव्यात आणि उरलेल्या दोन आतून. सगळ्या बाहेरून मोजल्या तर कोपरे दोनदा धरले जातात आणि वीट जास्त सांगितली जाते.

पाव इंचाचा फरक

दुसऱ्या भट्टीची वीट साडेआठ बाय चार बाय पावणेतीन निघाली, तर नजरेला ती तशीच दिसते. पण हिशोब केला की घनफुटाला तेरा विटांच्या वर जातात आणि त्याच भिंतीला सुमारे १६२५ विटा लागतात. म्हणजे जवळपास दोनशे जास्त.

इथंच हजारी भाव फसवतो. समजा मोठी वीट हजारी ८००० रुपये आणि लहान ७२०० रुपये आहे. लहान वीट स्वस्त वाटते. पण मोठ्या विटेत भिंतीचा खर्च ११,४४० रुपये होतो, लहान विटेत ११,७०० रुपये. शिवाय सांधे वाढले की सिमेंट आणि वाळूही जास्त जाते. म्हणून भाव हजारावर नको, पूर्ण भिंतीवर ताडून बघावा.

तूट किती धरावी

पक्की भाजलेली वीट हातानं उतरवून रचून घेतली तर शंभराला पाच तूट धरतात. १४३० वर ती ७२ होते, म्हणजे १५०० विटा सांगाव्यात. ट्रॉली उलटी करून माल ओतला किंवा वीट कच्ची असली तर शंभराला दहा धरावी लागते. मग आकडा १५७५ च्या आसपास जातो.

वीट पक्की की कच्ची, हे भट्टीवरच कळतं. दोन विटा एकमेकींवर आपटल्या तर पक्की खणखणते, कच्चीचा आवाज बद्द येतो. कंबरेच्या उंचीवरून मातीवर टाकली तर चांगली वीट सहसा फुटत नाही. तुटलेली सगळीच वाया जात नाही, सरळ तुटलेले अर्धे तुकडे दरवाजा-खिडकीच्या कडेला आणि कोपऱ्याजवळ गवंडी वापरतो. चुरा आणि वाकडेतिकडे तुकडे मात्र तुटीतच धरावेत.

सगळ्या विटा एकदम मागवू नयेत. पहिल्या खेपेतल्या शंभर विटा बाजूला काढून त्यात तुटक्या किती ते मोजावं. पाचाऐवजी आठ निघाल्या तर पुढच्या खेपेची संख्या तेवढ्या हिशोबानं वाढवावी. शेवटची खेप भिंत लिंटेलपर्यंत आल्यावर सांगितली की वरची उरलेली भिंत मोजून नेमका आकडा देता येतो. मात्र ती खेप त्याच भट्टीची घ्यावी. माप बदललं तर थर जुळत नाहीत.