रत्नागिरीचा आकडा कोणत्या साली मोजला?

रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुस्लिमांच्या इतिहासावर लिहिताना मी एकदा 'सन 1880 ची लोकसंख्या 10 लाख 19 हजार' असे टिपून ठेवले होते. आधार भक्कम वाटला, कारण आकडा मुंबई इलाख्याच्या रत्नागिरी गॅझेटियरमधला होता. पण 1880 हे पुस्तक छापल्याचे साल. आत दिलेला 10,19,136 हा आकडा 1872 च्या जनगणनेचा. पुढची जनगणना 1881 साली झाली आणि तिच्यात जिल्ह्याची लोकसंख्या 9,97,090 भरली. माझ्या टिपणाप्रमाणे एका वर्षात बावीस हजार माणसे कमी झाली असती. खरे तर हा फरक नऊ वर्षांचा आहे, आणि मधे 1876-78 चा मोठा दुष्काळ येऊन गेला होता. शिवाय तेव्हाच्या रत्नागिरीत सावंतवाडी संस्थान धरलेले नाही, हेही ध्यानात घ्यावे लागते.

आजचे आकडे वाचताना वेगळीच चूक होते. 2011 नंतर देशात जनगणना पूर्ण झालेली नाही, तरी 'रत्नागिरी जिल्ह्याची 2025 ची लोकसंख्या' इंटरनेटवर अगदी एककापर्यंत मिळते. हे माणसे मोजून आलेले नाही. जुन्या वाढीचा दर पुढे ओढून काढलेले गणित आहे. असे गणित इथे किती चुकते, ते तपासता येते. 1991 मध्ये जिल्ह्यात 15,44,057 माणसे होती, 2001 मध्ये 16,96,777. म्हणजे दहा वर्षांत जवळपास दहा टक्के वाढ. हाच दर पुढे धरला, तर 2011 मध्ये साधारण 18 लाख 65 हजार व्हायला हवेत. प्रत्यक्ष गणनेत भरले 16,15,069. अंदाज अडीच लाखांनी चुकला, कारण वाढ नव्हे, घट झाली होती. मुंबईत राहणारा चाकरमानी मुंबईत मोजला जातो, आणि आखातात असलेला माणूस तर आपल्या जनगणनेत कुठेच मोजला जात नाही. त्या साली जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे 1,122 स्त्रिया होत्या, त्यातही हेच दिसते.

2011 साठी 16,12,672 असाही आकडा आढळेल. तोही गणनेचाच, पण आधी जाहीर झालेला तात्पुरता. अंतिम तो वरचा.

म्हणून कोणी 2011 ची धर्मनिहाय टक्केवारी घेऊन 2025 च्या अंदाजी लोकसंख्येला गुणले आणि 'आज जिल्ह्यात इतके मुस्लिम' असे सांगितले, तर तो आकडा कोणत्याच सालचा नसतो. आपली संख्या वाढल्याचा कांगावा करणारेही हेच गणित मांडतात, आणि प्रतिनिधित्व मागताना आपलेही लोक तेच मांडतात. मी आता टिपणात प्रत्येक आकड्यापुढे मोजणीचे साल लिहितो. अंदाज असेल तर 'अंदाज' असे लिहून तो कोणत्या गणनेवरून काढला, तेही नोंदवतो.