बिंदूपासून किरणाकडे : त्रिमितीय संगणक-खेळांतील घटक-निवडीचा विकास

१९९२ च्या 'ड्यून २' या युद्धखेळात सैन्यघटक माउसने निवडले जात. तेथील रणभूमी द्विमितीय होती. पडद्यावरील बिंदूत नकाशा सरकल्याचे अंतर मिळविले की स्थान निश्चित होई. १९९९ च्या 'होमवर्ल्ड'मध्ये रणभूमी त्रिमितीय अवकाशात गेली. अशा अवकाशात पडद्यावरील बिंदू स्थान सांगत नाही, केवळ दिशा सांगतो.

या दिशेचा विचार जुना होता. आर्थर ॲपेल यांनी १९६८ मध्ये छायाचित्रणासाठी, म्हणजे वस्तूंवरील छायाप्रकाश दाखविण्यासाठी, डोळ्यापासून चित्रबिंदूतून जाणारा किरण वापरला होता. निवडीसाठीही तोच किरण उपयोगी पडतो.

८०० × ६०० च्या पडद्यावर (६००, १५०) येथे क्लिक झाले असे मानल्यास, मध्य शून्य व कडा एक धरून दोन्ही मूल्ये ०.५ येतात. कॅमेऱ्याच्या व्यस्त सारणीने त्यांचे जगातील दिशेत रूपांतर होते. प्रत्येक घटकाभोवती एक गोल कल्पिला जातो. गोलाचे केंद्र किरणापासून त्रिज्येहून कमी अंतरावर असल्यास किरण त्यास छेदतो. छेदलेल्यांपैकी कॅमेऱ्यास निकटतम घटक निवडला जातो. आड येणारी टेकडी मात्र स्वतंत्रपणे तपासावी लागते, अन्यथा तिच्यामागील अदृश्य घटकही निवडला जातो.

पडद्यावर उभे माप वरून खाली वाढते, त्रिमितीय गणितात खालून वर. हा उलटफेर विसरल्यास मध्यभागी निवड अचूक होते. वर क्लिक केल्यास मात्र खालचा घटक निवडला जातो. चुकीची हीच खूण होय.