हॅमिल्टन यांच्या भाकितांचा जमाखर्च

न्यूयॉर्कच्या ‘वॉल स्ट्रीट जर्नल’चे संपादक विल्यम पीटर हॅमिल्टन यांनी १९०३ ते १९२९ या काळात शेअरबाजाराच्या रोखाविषयी २५५ अग्रलेख लिहिले. रेल्वे व उद्योग यांच्या भावांच्या सरासऱ्या पाहून पुढील चढउतार ओळखावयाचा, ही त्यांची पद्धत. आज तिला तांत्रिक विश्लेषण म्हणतात. १९३३ साली आल्फ्रेड काउल्स यांनी या भाकितांचा हिशेब मांडला. हॅमिल्टन यांनी ९० वेळा आपले मत बदलले होते. त्यांपैकी ४५ भाकिते खरी ठरली व ४५ खोटी. त्यांचा सल्ला मानणाऱ्यास सालीना १२ टक्के मिळाले असते. नुसते शेअर घेऊन स्वस्थ बसणाऱ्यास १५.५ टक्के.

असे का व्हावे, याचे उत्तर पुढे कार्यक्षम बाजाराच्या सिद्धांताने दिले. यूजीन फामा यांनी १९७० साली त्याची तीन रूपे मांडली. पहिले दुर्बल रूप: मागील भावांतून जे कळण्यासारखे आहे, ते आजच्या भावात आलेलेच असते. हे मानले तर आलेख पाहणे व्यर्थ. परंतु कंपनीचे ताळेबंद अभ्यासणाऱ्या मूलभूत विश्लेषणास वाव उरतो. दुसरे अर्धसबल रूप तोही वाव काढून घेते, कारण प्रसिद्ध झालेली प्रत्येक माहिती भावात तत्काळ उतरते. तिसरे सबल रूप तर म्हणते की, आतल्या गोटातील बातमीनेही असाधारण नफा मिळत नाही.

पुराव्यापुढे तिघांची गत सारखी नाही. १९६८ साली बॉल व ब्राउन यांना आढळले की, वार्षिक नफ्याची वार्ता प्रसिद्ध होण्यापूर्वीच भाव बहुतांशी हललेला असतो. परंतु नंतरही तो त्याच दिशेने थोडा सरकत राहतो. म्हणजे दुसरे रूप बरेचसे खरे, पण पूर्ण नव्हे. कंपन्यांचे अधिकारी स्वतःच्या शेअरांत नफा कमावतात, असे जेफ यांनी १९७४ साली दाखविले. तेव्हा तिसरे रूप टिकत नाही.

आता पुन्हा हॅमिल्टन यांच्याकडे वळू. १९९८ साली ब्राउन, गोएट्झमन व कुमार यांनी तोच हिशेब पुन्हा तपासला. हॅमिल्टन यांच्या सल्ल्याने पैसा बराच काळ बाजाराबाहेर सुरक्षित राहिला असता. म्हणून पत्करलेला धोकाही कमी. तो धोका जमेस धरताच हॅमिल्टन यांचे पारडे जड ठरले!

नफा असाधारण म्हणावयाचा, तर आधी साधारण नफा किती हे ठरवावे लागते, आणि ते धोक्याच्या मापावर अवलंबून असते. माप बदलले की निकाल बदलतो. म्हणून या सिद्धांताची प्रत्येक परीक्षा ही बाजाराइतकीच त्या मापाचीही परीक्षा असते. कोणी आपल्या नफ्याचा आकडा सांगू लागला, तर त्यासाठी धोका किती पत्करला, हे त्यास अवश्य विचारावे.