वक्राची लांबी: एक तळटीप

* वक्राचा अगदी लहान तुकडा सरळच धरावा. तो dx आणि dy या बाजूंच्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण होतो. पायथागोरसच्या प्रमेयाने त्याची लांबी √(1 + y′²) dx येते आणि संकलन करायचे ते याचेच. अडचण त्या वर्गमुळाची आहे. y = x^(3/2) घेतले तर मुळाखाली 1 + 9x/4 एवढेच उरते, म्हणून 0 ते 1 पर्यंतची लांबी नेमकी (13√13 − 8)/27 मिळते. ही लांबी विल्यम नील यांनी 1657 मध्येच काढली होती. पण y = x³ घेताच मुळाखाली 1 + 9x⁴ येते: चौथ्या घाताची बहुपदी, चारही मुळे वेगळी. अशा संकलनाचे उत्तर बहुपदी, घातांकी, लॉगरिदम व त्रिकोणमितीय फलांच्या सांत जुळणीत लिहिताच येत नाही. त्याचा पाया लिउव्हील यांनी 1830 च्या दशकात सिद्ध केला. म्हणजे येथे युक्ती सुचण्याचा प्रश्नच नाही. लांबी मात्र ठाम अस्तित्वात आहे: सिम्प्सनच्या नियमाने फक्त चार भाग केले तरी सुमारे 1.548 येते. वाचकाने पडताळा म्हणून ती टोके जोडणाऱ्या जीवेपेक्षा, म्हणजे 1.414 पेक्षा, जास्त आणि 2 पेक्षा कमी आहे हे पाहावे. (संपा.)