गुळाचा रंग कोणाची साक्ष देतो?



आठवडी बाजारात गुळाच्या दुकानापुढे उभं राहिलं की दोन भेल्या दिसतात. एक पिवळीधमक, उन्हात चमकणारी, दुसरी तांबूस काळपट. दुकानदार पिवळीवर हात ठेवून म्हणतो, "ताई, हा एक नंबर." भाव अर्थातच जास्त. आजकाल शहरातल्या प्रदर्शनात लाडू घेऊन गेलं तर उलटं ऐकू येतं, "काळा गूळ आहे का? तोच नैसर्गिक." मग एक नंबर कोणता? आणि हे नंबर लावले कोणी? आज त्याबद्दल बोलायचं आहे.

सुरुवात आपल्याच भागापासून करू. आज आपला मुलूख धानाचा म्हणून ओळखला जातो. पण वैनगंगेच्या खोऱ्यात, जुन्या चांदा आणि भंडारा जिल्ह्यांत, एके काळी ऊसही नावाजलेला होता. तो लावणारे मुख्यतः कोहळी समाजाचे शेतकरी. तलाव बांधण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. नवेगावबांधचा तलाव त्यांच्याच परंपरेतला. चांद्याच्या गोंड राजाने त्यांना काशीकडून आणलं, अशी आख्यायिका इंग्रज काळातल्या नोंदींतही सापडते. तलावाखालच्या वाडीत ऊस, तिथेच चरक आणि तिथेच काहील. गूळ डोळ्यांदेखत शिजत असेल तर त्याला नंबर लागत नाही. ऊस कोणाच्या वाडीतला, मळी कोणी काढली, पाक कोणाच्या हातून करपला, हे सगळ्या गावाला ठाऊक असतं.

आज आपल्या दुकानातला बहुतेक गूळ बाहेरून येतो. कधी कोल्हापूर, सांगलीकडचा, कधी मध्यप्रदेशातल्या करेलीचा. शिजवणाऱ्याचं तोंडही आपण पाहिलेलं नसतं. अशा वेळी घेणाऱ्याच्या हाती रंगच उरतो.

हे आधी घडलं ते मोठ्या पेठांत. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1895 साली शाहूपुरी ही व्यापारी पेठ वसवली आणि गुळाचा व्यापार तिथे एकवटला. पंचगंगेच्या काठच्या गुऱ्हाळांतून गाड्या यायच्या, सौदे व्हायचे आणि माल दूरवर, विशेषतः गुजरातकडे जायचा. त्या गिऱ्हाईकाला फिकट सोनेरी गूळ आवडायचा. गूळ फोडून आतला रंग, रवा आणि कडकपणा पाहायचा आणि भाव बोलायचा, अशी रीत पडली. फिकट, कडक, रवाळ तो वरचा. तांबडा तो मधला. काळा, मऊ तो खालचा. कोल्हापुरी गुळाला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामागे याच पेठेची कीर्ती आहे.

ही प्रतवारी व्यापाऱ्याची लहर होती असं मला वाटत नाही. त्या काळी रंग खरंच साक्ष देत होता. कशाची, ते कळायला काहिलीपाशी जावं लागेल.

पक्का ऊस तोडला की तो लगेच गाळावा लागतो. तोडून दोन-चार दिवस पडला तर आतली साखर फुटू लागते. असा रस शिजवला की गूळ काळपट आणि मऊ होतो, भेली धड बसत नाही. ताजा रस थोडा आंबट असतो. तो आंबटपणा मारायला चुन्याची निवळी घालतात. रस तापू लागला की मळी वर येते. रानभेंडीचं खोड ठेचून त्याचा चिकट रस काहिलीत सोडला की बारीक घाणही त्याला धरून वर येते आणि झाऱ्याने काढता येते. या वेळी आच मंद हवी. रस उकळायला लागला की मळी पुन्हा आत मिसळते, मग ती निघत नाही. मळी निघाल्यावर मात्र जाळ मोठा करायचा, कारण रस जितका जास्त वेळ चुलीवर रेंगाळतो तितका रंग गडद होतो. शेवटी पाक साधारण 118 अंशांपर्यंत तापला की काहील उतरवायची. गुळव्याजवळ तापमापक नसतो. तो पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकतो आणि त्याची गोळी वळते का ते पाहतो. उतरवायला थोडा उशीर झाला तरी पाक तळाला करपतो.

म्हणजे रंग फिकट यायचा तर ऊस ताजा हवा, मळी वेळेवर निघायला हवी, चुना बेताचा पडायला हवा आणि शेवटी चूक होता कामा नये. सोनेरी रंग ही चांगल्या गुळव्याच्या दिवसभराच्या मेहनतीची पावती होती. जमिनीचा वाटाही त्यात असतो. खारवट जमिनीतल्या उसाचा गूळ गुळव्या कितीही हुशार असला तरी काळसर आणि जरा खारट लागतो.

मग गुऱ्हाळात एक पांढरी पावडर आली. तिला हायड्रोस म्हणतात. तिचं शास्त्रीय नाव सोडियम हायड्रोसल्फाइट, त्यात गंधक असतं. शिजत्या रसात ती टाकली की रंग पाहता पाहता फिकट होतो. ऊस शिळा असो, मळी अर्धवट निघालेली असो, भेली पिवळीच दिसते. कुठे कुठे तर रसात साखरच मिसळतात, तीही रंग फिकट करते. भाव रंगावर ठरत असेल तर गुऱ्हाळवाल्यालाही एकट्याला दोष देता येत नाही. पावडर न वापरणाऱ्याचा गूळ सौद्यात खालच्या नंबरात जातो. मळी काढायला माणूस लागतो, मजुरी लागते. पावडर मूठभर लागते. घाण होती तिथेच राहिली आणि साक्षीदार तेवढा फितूर झाला.

गंधकाचा अंश गुळात किती चालेल याची सरकारी मर्यादा आहे, पण तो डोळ्यांना किंवा जिभेला नक्की कळत नाही, ते प्रयोगशाळेचं काम. ज्यांना दमा आहे त्यांना असा अंश त्रास देऊ शकतो, एवढं लक्षात ठेवा.

हायड्रोसची एक खोड मात्र आपल्या उपयोगाची आहे. तिने घालवलेला रंग कायमचा जात नाही. हवा लागली की तो हळूहळू परत येतो. आमच्या गटाने लाडवांसाठी गूळ घेण्याआधी तीन दुकानांतून तीन तुकडे आणले, एक लख्ख पिवळा, एक सोनेरी तांबूस आणि एक काळा. प्रत्येकावर चिठ्ठी लावली आणि कोरड्या फळीवर जाळीखाली ठेवले. तीन आठवड्यांनी सोनेरी तांबूस होता तसाच होता. लख्ख पिवळ्याची बाहेरची बाजू मळकट तपकिरी झाली होती आणि फोडल्यावर आत मात्र पिवळा. पावसाळ्यात ओल लागून कोणताही गूळ काळवंडतो, म्हणून ही पारख हिवाळ्या-उन्हाळ्यातच करायची.

दुसरी पारख पाण्याची. प्रत्येक तुकड्यातला 100 ग्रॅम गूळ गरम पाण्यात विरघळवला, आधी वजन करून ठेवलेल्या फडक्यातून गाळला, फडकं वाळवून पुन्हा वजन केलं. नियम असा आहे की न विरघळणारी घाण शंभरात दोनपेक्षा जास्त नसावी, म्हणजे आपल्या हिशेबाने 2 ग्रॅम. सोनेरी तुकड्याचं फडकं जवळजवळ तेवढ्याच वजनाचं राहिलं. पिवळ्यात चिपाडाचे बारीक धागे आणि राखाडी गाळ निघाला. आणि काळ्यात? त्यात सगळ्यांत जास्त, 4 ग्रॅमच्या वर, वाळूसकट. "काळा म्हणजे शुद्ध" म्हणणाऱ्या आमच्या दोन सदस्या ते फडकं पाहून गप्पच झाल्या.

कारण काळेपणाही एका जातीचा नसतो. गूळ काळा पण दगडासारखा कडक असेल तर बहुधा चुना जास्त पडला आहे. काळा आणि चिकट असेल तर ऊस शिळा असावा, नाहीतर माल जुना आणि ओल धरलेला. काळा असून कडवट, जळका वास येत असेल तर पाक करपला. गंजलेल्या लोखंडी काहिलीनेही रंग काळवंडतो. आणि काही वेळा काहीच बिघडलेलं नसतं, उसाची जात किंवा जमीनच तशी असते. अशा गुळाला वास गोड येतो, फोडला की रवा दिसतो आणि पाण्यात गाळ कमी निघतो. रंग एकटा पाहिला तर ही सगळी एकाच रांगेत बसतात.

आपल्या जिल्ह्यांत काळ्या गुळाला आणखी एक इतिहास चिकटलेला आहे, तो तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती 1 एप्रिल 2015 पासून होती आणि 2021 मध्ये उठली. मोहाच्या सडव्यात गूळ पडतो. आंबवायला फक्त साखर लागते. रंग, वास, वाळू याची तिथे पर्वा नसते. म्हणून जो गूळ माणसाच्या खाण्यात खपत नाही, तो भट्टीकडे वळतो. सीमेपलीकडे तेलंगणातही गुडुंब्यासाठी हाच माल चालतो. गाव संघटनेच्या बायांनी सडवे ओतून दिले तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे असायचा तो काळा गूळ. त्यामुळे आजही कोणाच्या घरी गडद भेली दिसली की शेजारीण जरा वळून पाहते. पण भट्टीची खूण गुळाचा रंग नव्हे. पोतीच्या पोती ओलसर, आंबूस वासाचा गूळ सण नसताना, लाडू-चिक्कीचा धंदा नसताना गावात उतरत असेल, तर तिथे विचारायला हवं. एखाद्या बाळंतिणीच्या घरातल्या तांबड्या भेलीवर संशय घेण्यात अर्थ नाही.

बाळंतिणीवरून आठवलं. काळ्या गुळाने रक्त वाढतं असं सर्रास सांगतात. गुळात लोह असतं, पण रोजच्या खड्यातून अंगातली कमी भरून निघेल इतकं नाही, आणि गडद रंग म्हणजे जास्त लोह असा हिशेबही नाही. आशाताईने दिलेल्या गोळ्या चालूच ठेवायच्या.

आमच्या गटाने शेवटी सोनेरी तांबूस गूळ घेतला. तो पिवळ्यापेक्षा किलोमागे स्वस्त पडला. आता दुकानदाराला आम्ही दोनच गोष्टी सांगतो: नवा माल संक्रांतीच्या सुमारास दे, आणि भेली आमच्यासमोर फोड. फोडल्यावर आतला आणि बाहेरचा रंग सारखा आहे का, रवा चमकतो का, ते बघतो आणि एक खडा जिभेवर ठेवतो. खारट किंवा कडवट लागला तर भेली परत. पहिल्या वर्षी तो कुरकुरला. या वर्षी त्याने स्वतःच दोन भेल्या फोडून ठेवल्या होत्या.